छाटणीआधीची प्रश्नोत्तरे : ऑनलाइन कोर्स विकण्यासाठी थेट सत्र कसे आखावे

सांगली जिल्ह्यात तासगाव, मिरज, पलूस, कवठेमहांकाळ या पट्ट्यात द्राक्षाची छाटणी जवळ आली की गावोगाव चर्चासत्रे सुरू होतात. महाराष्ट्र राज्य द्राक्ष बागायतदार संघ खरड छाटणी आणि फळछाटणी, दोन्हींच्या आधी ती घेतो. मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रातले शास्त्रज्ञ येतात, औषध कंपन्याही आपापल्या बैठका भरवतात. भाषण संपते तेव्हा खरा कार्यक्रम सुरू होतो. बागायतदार उठतो आणि स्वतःच्या बागेचे विचारतो. याच भागात एकरी फी घेऊन हंगामभर बाग पाहणारे खासगी सल्लागारही आहेत, आणि त्यांच्यातले काही जण आता आपले ज्ञान ऑनलाइन कोर्सच्या रूपात देऊ लागले आहेत. असा कोर्स विकण्यासाठी मोबाइलवर थेट प्रश्नोत्तरांचे सत्र घ्यायचे, तर ते कधी घ्यावे, मिनिटागणिक कसे चालवावे आणि नंतर काय करावे, याचा हा आढावा आहे. उदाहरण द्राक्षाच्या फळछाटणीच्या कोर्सचे घेतले आहे, कारण या पिकात वेळेची चूक सर्वांत लवकर उघडी पडते.

तीन पद्धती आणि त्यांचा फरक

कोर्स विकणारे साधारण तीन वाटांनी जातात. पहिली वाट मोफत वेबिनारची. पाऊण तास स्लाइड दाखवायच्या, शेवटी फी सांगायची, उरलेल्या वेळात चार प्रश्न घ्यायचे. ही पद्धत सोपी आहे, कारण सगळे आधीच ठरलेले असते. पण द्राक्ष बागायतदाराने वर्षानुवर्षे मोफत भाषणे ऐकलेली आहेत. ‘ऑक्टोबर छाटणीचे व्यवस्थापन’ या विषयावर त्याला नवे फारसे मिळत नाही आणि स्वतःच्या बागेचे उत्तर तर मिळतच नाही.

दुसरी वाट अर्धे उत्तर देण्याची. प्रश्न घ्यायचा आणि ‘याचे सविस्तर उत्तर कोर्समध्ये आहे’ म्हणून सोडून द्यायचा. असे एकदा झाले की ऐकणारे चालवून घेतात, तिसऱ्यांदा झाले की निघून जातात. सरकारचे किसान कॉल सेंटर २००४ पासून फोनवर फुकट उत्तर देते, गावातला कृषी सेवा केंद्राचा मालकही देतो. अशा ठिकाणी उत्तर अडवून ठेवणाऱ्याकडे कोणी पैसे घेऊन येणार नाही.

तिसरी वाट चर्चासत्राच्या परंपरेच्या सर्वांत जवळची आहे. संपूर्ण सत्र प्रश्नांचेच ठेवायचे आणि प्रत्येक उत्तर पूर्ण द्यायचे. मग कोर्स विकत कोण घेईल, अशी शंका येते. तिचे उत्तर द्राक्षाच्या कामातच आहे. समजा प्रश्न आला, ‘गेल्या वर्षी घड कमी निघाले, यंदा काडी किती डोळ्यांवर छाटू?’ याचे पूर्ण उत्तर असे : आकडा अंदाजाने ठरवू नका. बागेतल्या वेगवेगळ्या जाडीच्या काड्या घेऊन प्रयोगशाळेत सूक्ष्मघड तपासणी करा, कितव्या डोळ्यात घड आहे ते पाहा आणि त्यानुसार छाटा. सबकेन केलेल्या काडीत गाठीजवळच्या डोळ्यांकडे विशेष लक्ष द्या. यात काही लपवलेले नाही. पण हे ऐकून बागायतदाराच्या मनात लगेच पुढचा प्रश्न येतो : अहवाल हातात आला की तो कोण समजावून सांगणार? अहवाल आठ दिवसांनी येणार, त्या वेळी हे सत्र संपलेले असणार. कोर्सची गरज इथे तयार होते. एका रात्रीत देता येते ते सगळे द्यायचे आणि पुढच्या चार महिन्यांत त्या त्या दिवशी लागणाऱ्या निर्णयांसाठी सोबत विकायची, हा तिसऱ्या वाटेचा पाया आहे. म्हणून तीच मला योग्य वाटते.

सत्राची तारीख बाग ठरवते

द्राक्षात सगळे दिवस छाटणीपासून मोजतात. ‘आज बारावा दिवस’ म्हटले की बाग कुठल्या अवस्थेत आहे ते दुसऱ्याला कळते. शेजारच्या दोन बागांच्या छाटणीत तीन आठवड्यांचे अंतर असू शकते. कोणी आगाप माल धरण्यासाठी सप्टेंबरमध्ये छाटतो, कोणी परतीच्या पावसातला डाऊनीचा धोका टाळण्यासाठी ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत थांबतो. म्हणून नोंदणीच्या फॉर्ममध्ये सर्वांत महत्त्वाचा रकाना ‘छाटणीची अंदाजे तारीख’ हा आहे. त्यासोबत गाव, वाण, जमीन हलकी की भारी आणि एक प्रश्न, एवढे पुरे.

समजा बहुतेकांच्या छाटण्या १० ऑक्टोबरच्या आसपास आहेत. छाटणीच्या सुमारे दोन आठवडे आधी पानगळ करायची, म्हणजे २५ सप्टेंबरच्या सुमारास. पानगळीच्या आधी काडी तपासणीचा अहवाल हातात हवा, म्हणजे नमुने सप्टेंबरच्या मध्याला जायला हवेत. असे मागे मागे येत गेले की सत्राची तारीख सप्टेंबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात पडते. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात सत्र घेतले तर लोक कदाचित जास्त येतील, कारण तेव्हा छाटणीची चर्चा जोरात असते. पण त्यांच्यातल्या अनेकांची तपासणीची आणि पानगळीची वेळ निघून गेलेली असेल, आणि कोर्सचा पहिला भाग त्यांच्या उपयोगाचा राहणार नाही.

वेळ रात्री साडेआठची बरी. डेअरीला दूध घालून, जेवून माणूस मोकळा होतो. शेतीपंपाची वीज त्या आठवड्यात रात्रपाळीची असेल तर कितीला येते ते विचारून घ्यावे. सप्टेंबरमध्ये बहुधा गणपती असतात. आरतीच्या वेळेत आणि विसर्जनाच्या दिवशी सत्र ठेवू नये.

माध्यमाची निवड प्रश्नांच्या स्वरूपावरून करावी. यूट्यूबवर कितीही लोक येऊ शकतात, पण चित्र काही सेकंद उशिरा पोहोचते, त्यामुळे समोरासमोर बोलणे होत नाही. शिवाय चॅनेलवर पहिल्यांदा थेट प्रसारण सुरू करताना परवानगीला २४ तासांपर्यंत लागू शकतात, म्हणून ते काम दोन दिवस आधी उरकावे. झूमवर बागायतदार स्वतः बोलू शकतो. त्याच्या फुकट खात्यात मात्र ४० मिनिटांनी बैठक बंद पडते, म्हणून त्या महिन्यापुरते पैसे भरून खाते घ्यावे. शंभरपर्यंत लोकांच्या सत्राला झूम आणि फोटोंसाठी व्हॉट्सअॅप ही जोडी पुरते.

प्रश्न आधी मागवावेत, आधी लावावेत

सत्राच्या चार दिवस आधी प्रश्न बंद करावेत आणि त्यांचे तीन गठ्ठे करावेत. पहिल्यात अनेकांचे सारखे प्रश्न जातात : काडी तपासणी, पानगळ, किती काड्या ठेवायच्या. दुसऱ्यात फोटोसह आलेले एकेका बागेचे प्रश्न जातात. फोटो मागताना नेमके सांगावे : एक पूर्ण वेलीचा, एक काडीचा जवळून, एक पानाच्या दोन्ही बाजूंचा. तिसऱ्या गठ्ठ्यात थेट सत्रात उत्तर द्यायचेच नाही असे प्रश्न. त्यात मुख्यतः औषधांच्या मात्रा येतात.

तिसरा गठ्ठा वेगळा ठेवण्याचे कारण गंभीर आहे. एका बागेसाठी सांगितलेली मात्रा शंभर जण लिहून घेतात आणि आपापल्या बागेत वापरतात. २०१० साली युरोपात भारतीय द्राक्षांमध्ये क्लोरमेक्वाट या वाढनियंत्रकाचे अंश सापडले आणि निर्यातदारांचे कंटेनर अडकले. बागायतदारांना त्या हंगामाचा मोठा फटका बसला. म्हणून सत्रात फक्त द्राक्षासाठी लेबल क्लेम असलेल्या औषधांचेच बोलायचे, काढणीपूर्व किती दिवस फवारणी थांबवायची ते सोबत सांगायचे, आणि बाकीच्यासाठी राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राची यादी दाखवायची. कोर्स विकणाऱ्याची पत अशा ठिकाणी नाही म्हणण्यातून वाढते.

एक मोह टाळावा. सुरुवातीला कोणी बोलत नाही या भीतीने आपलीच माणसे बसवून खोटे प्रश्न विचारायला लावणारे असतात. तासगावसारख्या भागात कोणाची बाग कुठे आहे हे सगळ्यांना माहीत असते, ते लगेच ओळखले जाते. त्याऐवजी नोंदणीत खरोखर आलेला प्रश्न वाचावा आणि तो नोंदणीत आलेला आहे असे सांगावे.

रनशीट

कोणत्या मिनिटाला कोण काय करणार, हे एका कागदावर लिहून तिघांसमोर असावे. उत्तर देणारा एक. प्रश्न वाचणारा आणि वेळ सांभाळणारा दुसरा. तिसरा पडद्यामागे बसून प्रत्येक प्रश्न, विचारणाऱ्याची छाटणीची तारीख आणि उत्तर झाले की राहिले हे वहीत टिपणारा. हे तिसरे काम अनेकदा गाळले जाते, आणि मग सत्रानंतर करायच्या कामाला आधारच उरत नाही.

७.४५ : इन्व्हर्टर, दोन वेगळ्या कंपन्यांचे इंटरनेट आणि माइक तपासणे. फोटो क्रमाने लावणे. नेट गेले तर दुसऱ्या फोनवरून प्रश्न वाचणारा बोलत राहील, हे ठरवून ठेवणे.

८.३० ते ८.३५ : स्वागत. आज काय होणार, आणि सव्वानऊला आपण कोर्सची माहिती व फी सांगणार, हे सुरुवातीलाच स्पष्ट सांगणे. ज्याला फक्त उत्तरे हवी आहेत त्याला ती आधी मिळतील, असेही सांगणे.

८.३५ ते ८.५० : पहिल्या गठ्ठ्यातले तीन सारखे प्रश्न. प्रत्येकी पाच मिनिटे.

८.५० ते ९.१५ : दोन बागा, फोटोंसह. शक्यतो एक हलक्या मुरमाड जमिनीची, एक नदीकाठच्या भारी जमिनीची, म्हणजे त्याच प्रश्नाचे उत्तर दोन ठिकाणी वेगळे कसे येते ते दिसते. मालकाची परवानगी आधीच घेतलेली असावी आणि त्याला स्वतः बोलू द्यावे.

९.१५ ते ९.२५ : कोर्सची माहिती. छाटणीआधीचे दिवस, फूट निघण्याचा काळ, फुलोरा, मणी सेटिंग आणि विरळणी असे टप्पे, प्रत्येक टप्प्याला छाटणीपासूनच्या दिवसाप्रमाणे मिळणारे धडे, आठवड्याचे एक प्रश्नोत्तर सत्र, जीएसटीसह एकूण फी, पैसे परत मिळण्याचा नियम.

९.२५ ते ९.४५ : थेट प्रश्न, कोर्सचे आणि बागेचे दोन्ही. एका माणसाला एकच प्रश्न.

९.४५ : समाप्ती. राहिलेल्या प्रश्नांची उत्तरे कधी मिळतील तो दिवस सांगणे. ठरलेल्या वेळी थांबणे.

कोर्सची माहिती दोन बागांच्या लगेच नंतर ठेवण्याचे कारण असे की तोवर ऐकणाऱ्याने निर्णय कसा घेतात ते पाहिलेले असते. ती अगदी शेवटी ठेवली तर दहाच्या सुमारास थकलेली माणसे फी ऐकायला उरत नाहीत. या दहा मिनिटांत एक मर्यादा आवर्जून सांगावी. काडीत सूक्ष्मघड तयार होण्याचे काम एप्रिलच्या खरड छाटणीनंतरच्या काळात झालेले असते. तेव्हा पाणी, खत किंवा उन्हाचे गणित चुकले असेल आणि तपासणीत घड दिसले नाहीत, तर ऑक्टोबरचा कोणताही कोर्स ते निर्माण करू शकत नाही. असलेले घड टिकवणे आणि नीट वाढवणे एवढेच आपल्या हाती आहे. हे सांगितल्यामुळे काही गिऱ्हाईक कमी होईल. पण जे येतील ते डिसेंबरमध्ये भांडायला येणार नाहीत.

काय बिघडते, आणि ते कसे ओळखावे

सत्र बिघडल्याची खूण तिसऱ्या माणसाच्या वहीत सापडते. माहिती सांगितल्यावर बहुतेक प्रश्न ‘माझी छाटणी झाली आहे, चालेल का?’ असे आले, तर सत्र उशिरा झाले आहे. सगळे प्रश्न फक्त फीचे आले, तर कोर्समध्ये पुढे काय मिळणार हे लोकांना दिसलेले नाही, बहुधा त्या दोन बागांवर पुरेसा वेळ गेला नाही. प्रश्न खूप आले पण सगळे औषधाच्या मात्रेचे, तर निमंत्रणातच काहीतरी चुकले, आणि लोक मोफत फवारणी वेळापत्रक घ्यायला आले होते.

आणखी एक अडचण या भागात ठरलेली असते. कोणीतरी दुसऱ्या सल्लागाराचे वेळापत्रक वाचून दाखवतो आणि ‘हे बरोबर की चूक?’ म्हणून विचारतो. त्यावर मत देऊ नये. ती बाग त्या सल्लागाराने पाहिलेली आहे, आपण पाहिलेली नाही, एवढे सांगून त्या अवस्थेत काय तपासायचे ते सांगावे. प्रश्नकर्त्याला उपयोगी माहिती मिळते आणि भांडणही टळते.

सत्रानंतरचे काम

पाठपुराव्याचा सर्वसाधारण नमुना सगळ्यांना सारखे संदेश रोज पाठवण्याचा असतो. इथे तो चालत नाही, कारण प्रत्येकाची बाग वेगळ्या दिवशी आहे.

त्याच रात्री वही उघडून राहिलेले प्रश्न काढावेत. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत त्या प्रत्येकाला त्याच्या नावाने एक-दीड मिनिटाचा आवाजी संदेश जावा. त्यात फक्त उत्तर असावे, कोर्सचा उल्लेखही नसावा. नंतर सर्व नोंदणीदारांना सत्राचे रेकॉर्डिंग पाठवावे, कोणता प्रश्न कितव्या मिनिटाला आहे हे लिहून. सव्वा तासाचे रेकॉर्डिंग कोणी पूर्ण पाहत नाही, पण ‘पानगळ, १०व्या मिनिटाला’ असे दिसले की ते उघडले जाते.

पुढचे संदेश छाटणीच्या तारखेवरून ठरतात. समजा नोंदणीत एकाची छाटणी २५ सप्टेंबरची आणि दुसऱ्याची १५ ऑक्टोबरची आहे. पहिल्याला सत्राच्या दुसऱ्याच दिवशी काडी तपासणीची आठवण जावी, कारण त्याची पानगळ आता दारात आहे. दुसऱ्याला तोच संदेश सप्टेंबरच्या मध्यानंतर जावा. दोघांनाही पानगळीच्या आधी एक संदेश : काय तपासायचे, आणि कोर्सला यायचे असेल तर छाटणीच्या दिवसापर्यंत नोंदणी करता येईल. छाटणी झाली की विक्रीचे संदेश थांबवावेत आणि त्या माणसाला एप्रिलच्या खरड छाटणीच्या यादीत घ्यावे. असे केले की एका माणसाला दोन-तीनच संदेश जातात, पण प्रत्येक त्याच्या कामाचा असतो.

यात तांत्रिक अडथळा एकच. व्हॉट्सअॅपची ब्रॉडकास्ट यादी २५६ जणांपुरती असते, आणि ज्यांनी आपला नंबर सेव्ह केला आहे त्यांनाच तो संदेश मिळतो. म्हणून सत्राच्या शेवटी नंबर सेव्ह करायला सांगावे, आणि संदेश नको असतील तर एका शब्दाने कळवण्याची सोयही तेव्हाच सांगावी.

घाईची भाषा मात्र जपून वापरावी. ‘फक्त ३ जागा शिल्लक’ किंवा ‘आज रात्री १२ नंतर फी दुप्पट’ हे खरे नसेल, तर ती फसवणूक आहे. केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२३ मध्ये जाहीर केलेल्या डार्क पॅटर्नविषयीच्या मार्गदर्शक तत्त्वांत खोटी घाई दाखवणे आणि शेवटच्या पायरीवर दडवलेली रक्कम वाढवणे, दोन्ही निषिद्ध आहेत. द्राक्षात खरी मुदत आपोआपच असते. छाटणी झाल्यावर पहिले धडे वाया जातात, हे सांगितले की पुरते.

सातारा बाजूला हेच कसे लागू होते

सातारा जिल्ह्यात द्राक्षाची बाग मुख्यतः खटाव-माण बाजूला भेटते. पण तारखेवर सत्र बांधण्याची पद्धत तिथल्या इतर पिकांनाही लागू पडते. आल्याचा कोर्स लागणीच्या आधी, एप्रिलमध्ये विकायला हवा, कारण बेणे निवडणे आणि बेणेप्रक्रिया हेच कंदकुजीविरुद्धचे पहिले काम आहे. जुलैत रोग दिसल्यावर भरवलेल्या सत्राला गर्दी होईल, पण त्या गर्दीला कोर्सचा अर्धा भाग पुढच्या वर्षीच उपयोगी पडेल. महाबळेश्वर-वाई भागातल्या स्ट्रॉबेरीला लागवडीची तारीख हाच आधार. दोन्ही ठिकाणी फॉर्ममधला महत्त्वाचा रकाना तोच राहतो, फक्त छाटणीच्या जागी लागण येते.

जागा किती ठेवाव्यात

या सगळ्या आखणीतला सर्वांत कमी बोलला जाणारा प्रश्न जागांचा आहे. धड्यांचे व्हिडिओ हजारांना देता येतात. पण प्रश्नोत्तरांच्या सत्राने माणसाला त्याच्या बागेचे उत्तर मिळण्याची सवय लावली आहे, आणि पैसे भरल्यावर तो तेच मागणार. हिशोब सोपा आहे. कोर्समध्ये ६० बागायतदार घेतले, प्रत्येकाने आठवड्याला एक प्रश्न विचारला आणि फोटो पाहून उत्तर द्यायला सहा मिनिटे लागली, तर आठवड्याला सहा तास लागतात. फुलोऱ्यात अवकाळी पाऊस आला की तेच प्रश्न दुप्पट होतात आणि बारा तास लागतात, तेही दोन-तीन दिवसांत. स्वतःच्या एकरी फीच्या बागा सांभाळून सल्लागाराला एवढा वेळ काढता येणार असेल, तर ६० जागा ठीक आहेत. नसेल तर ३० ठेवाव्यात आणि फी त्याप्रमाणे ठरवावी. हा आकडा सत्राच्या आधी काढावा, सत्रात कारणासह सांगावा आणि भरला की नोंदणी बंद करावी. मग ‘जागा मर्यादित’ हे वाक्य हिशोबातून आलेले असेल, आणि पावसाच्या आठवड्यात फोन उचलला जाईल याची तीच सर्वांत भक्कम हमी आहे.